पेन्शन तेवढीच, औषधं आणि सण वाढते : महिन्याचं बजेट दोन खात्यांत कसं बसवायचं

महागाई भत्ता मिळणाऱ्या सरकारी पेन्शनरांनी हा लेख वाचला तर हरकत नाही, पण तो प्रामुख्याने त्यांच्यासाठी नाही. खासगी कंपनीतून निवृत्त झालेले, ईपीएसची तीन-चार हजारांची पेन्शन, त्याला जोड म्हणून घेतलेली अ‍ॅन्युइटी आणि पोस्टातलं व्याज यांवर घर चालवणारे लोक पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या रकमेत दरवर्षी एक रुपयाचीही भर पडत नाही. औषधांचं बिल मात्र वाढतं, आणि गणपती-दिवाळी काही थांबत नाहीत.

अशा घरात बजेट बहुतेक वेळा महिन्याच्या खर्चामुळे कोलमडत नाही. दूध, किराणा, वीज यांचा अंदाज सगळ्यांनाच असतो. कोलमडतं ते वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या मोठ्या खर्चांनी. विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, गौरी-गणपती, दिवाळी हे सगळे खर्च आधीपासून माहीत असतात, तरी दरवेळी अचानक आल्यासारखे वाटतात. म्हणून मी नेहमी सांगतो, एक बजेट करू नका, दोन करा. महिन्याचं वेगळं, वर्षाचं वेगळं, आणि दोन्हींसाठी बँकेत खातीही वेगळी.

नमुन्यासाठी कोथरूडचं एक जोडपं घेऊ. काका ७१ वर्षांचे, काकू ६७ च्या, फ्लॅट स्वतःचा, मुलगी परगावी. काकांची ईपीएस पेन्शन ३,९००, अ‍ॅन्युइटी १६,३५० आणि पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे असलेल्या ९ लाखांवर ७.४ टक्क्यांनी ५,५५० रुपये. हे झाले महिन्याला २५,८००. शिवाय ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत. त्यांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज येतं, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत. वर्षाचे १ लाख २३ हजार. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवता येते.

आधी पासबुक, मग अंदाज

गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट छापून घ्या आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसा. दर महिन्याला होणाऱ्या खर्चाला एक रंग, वर्षातून एक ते चार वेळा होणाऱ्या खर्चाला दुसरा. एटीएममधून काढलेली रोख कुठे गेली ते आठवणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिला "किरकोळ" म्हणा आणि पुढचे दोन महिने तेवढीच वही ठेवा. सगळ्या खर्चाची वही कायमची ठेवायची गरज नसते, आणि ती टिकतही नाही.

बारा महिने अशासाठी की तीन महिन्यांचा हिशेब फसवतो. फेब्रुवारी ते एप्रिल पाहिलं तर घर स्वस्त वाटतं, ऑगस्ट ते ऑक्टोबर पाहिलं तर उधळं.

काका-काकूंच्या पासबुकातून महिन्याचा पहिला रंग असा निघाला. सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, गॅस, फोन-इंटरनेट मिळून ४,८००. दूध, किराणा, भाजी, फळं ९,३००. धुणं-भांडी आणि केर-फरशीच्या मावशी २,८००. रिक्षा-बस १,०००, किरकोळ १,२००. नेहमीची औषधं ४,२०० आणि डॉक्टरांच्या फीचे सरासरी ८००. एकूण २४,१००. म्हणजे महिन्याच्या २५,८०० मधून १,७०० उरतात.

आता इथेच बहुतेक लोक चूक करतात. तिमाही व्याजाचे ३०,७५० त्याच खात्यात जमा होतात, शिल्लक फुगलेली दिसते आणि त्या महिन्यात हात सैल सुटतो. हे व्याज महिन्याच्या खर्चाचं नाहीच. ते दुसऱ्या बचत खात्यात जायला हवं, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड पाकिटात नको. व्याज पोस्टाच्या खात्यात जमा होत असेल तर तेच वार्षिक खातं करा आणि मासिक योजनेचे ५,५५० मात्र दर महिन्याला घरखर्चाच्या खात्यात वळवा.

एक छोटं पण महत्त्वाचं काम एप्रिलमध्येच उरकायचं. ज्येष्ठांना एका बँकेकडून किंवा पोस्टाकडून वर्षाला १ लाखाच्या वर व्याज मिळालं की टीडीएस कापला जातो. काकांचं व्याज १ लाख २३ हजार आहे. एकूण उत्पन्नावर कर शून्य येत असला तरी स्वयंघोषणेचा फॉर्म (आपण आजवर ज्याला १५एच म्हणत आलो तो) दिला नाही तर १० टक्के, म्हणजे १२,३०० रुपये कापले जातील. रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात, पण तोवर दिवाळी होऊन जाते.

वर्षाचं खातं : रक्कम पुरते, तारीख पुरत नाही

दुसऱ्या रंगातले खर्च असे होते. दोघांच्या ५ लाखांच्या आरोग्य विम्याचा हप्ता ५२,०००. सण ३४,०००. मालमत्ता कर ९,०००, वर्षभरातल्या रक्ताच्या वगैरे तपासण्या ९,०००, चष्मा आणि दात ८,०००, घरातली दुरुस्ती ६,०००. बेरीज १ लाख १८ हजार. व्याज १ लाख २३ हजार. जमलं, असं वाटतं. पण पैसे वर्षभरात चार हप्त्यांनी येतात आणि खर्च आपल्या तारखांना येतात, म्हणून बेरजेनंतर हा तक्ता करावाच लागतो.

| महिने | जमा | खर्च | शिल्लक |
|---|---|---|---|
| एप्रिल–जून | ३०,७५० | मालमत्ता कर ९,०००, तपासण्या ४,५०० | १७,२५० |
| जुलै–सप्टेंबर | ३०,७५० | श्रावण, गौरी-गणपती १४,००० | ३४,००० |
| ऑक्टोबर–डिसेंबर | ३०,७५० | दिवाळी १४,०००, तपासण्या ४,५००, चष्मा-दात ८,०००, दुरुस्ती ६,००० | ३२,२५० |
| जानेवारी–मार्च | ३०,७५० | संक्रांत २,०००, विमा ५२,०००, पाडवा व इतर ४,००० | ५,००० |

काकांच्या विम्याचं नूतनीकरण फेब्रुवारीत आहे म्हणून हे जुळलं. तेच जूनमध्ये असतं तर खात्यात १७,२५० आणि हप्ता ५२,०००, म्हणजे ३४,७५० कमी. आकडे तेच, फक्त महिना बदलला. अशी अडचण असेल तर पहिल्याच वर्षी एखादी एफडी मुदत संपताना पूर्ण पुन्हा न गुंतवता तेवढी रक्कम या खात्यात एकदाच टाकायची. मग दरवर्षी ते खातं स्वतःला भरून काढतं. काही विमा कंपन्या तिमाही किंवा मासिक हप्ते देतात, पण त्यात एकूण रक्कम थोडी जास्त पडते का ते विचारून घ्या.

मालमत्ता कराचं बिल महापालिका आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला काढते आणि लवकर भरणाऱ्यांना सामान्य करात सवलत असते. म्हणून ते एप्रिलच्या व्याजातून पहिल्यांदा भरून टाकायचं. आपण स्वतः राहतो त्या घराची ४० टक्के सवलत बिलात लागलेली आहे ना, हे एकदा नजरेखालून घाला.

दवाखान्याचे तीन खर्च तीन ठिकाणी

"मेडिकल" असा एकच रकाना ठेवला की काहीच कळत नाही. रोजच्या गोळ्या महिन्याच्या खात्यातून. तपासण्या, चष्मा, विमा वार्षिक खात्यातून. आणि अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर त्याचे पैसे तिसरीकडे, जिथे सणांचा हात पोचणार नाही.

रोजच्या गोळ्यांत खरी बचत होते. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची नेहमीची औषधं (मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन) जनऔषधी केंद्रात ब्रँडेड औषधांच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. पण पद्धत पाळावी लागते. डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगा की औषधाचं मूळ नाव आणि ताकद लिहून द्या. केंद्रावर चिठ्ठी दाखवून पाकिटावरचं नाव शब्दशः जुळवा. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. दुसरी हळूहळू विरघळते. टेल्मिसार्टन एकटं आणि टेल्मिसार्टन-एच हेही वेगळं. काउंटरवर गर्दी असते, "हेच आहे काका" म्हणून पुडकं हातात येतं, आणि घरी आल्यावर रक्तदाब का वाढला याचा शोध सुरू होतो.

एकदम तीन महिन्यांची औषधं आणू नका. आधी महिन्याची घ्या, साखर आणि रक्तदाब लिहून ठेवा, मग पुढे जा. थायरॉइडची गोळी बदलली तर डॉक्टर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहायला सांगतात. ती तपासणी चुकवू नका. फिट्सच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि इन्सुलिन यांच्यात डॉक्टरांना न विचारता काहीही बदलायचं नाही. सगळं मिळेलच असंही नाही. पाचपैकी तीन-चार औषधं मिळाली आणि बाकीची नेहमीच्या केमिस्टकडून घेतली, तरी काका-काकूंचं ४,२०० चं बिल २,७०० पर्यंत येतं. वर्षाचे १८,००० वाचतात. सणाच्या फराळात काटकसर करून एवढे कधीच वाचत नाहीत.

विम्याचं म्हणाल तर दोन सरकारी निर्णय ज्येष्ठांच्या कामाचे आहेत. जानेवारी २०२५ पासून विमा नियामकाने सांगितलं आहे की ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. नूतनीकरणाची नोटीस आली की या दोन गोष्टी तपासा. बजेटसाठी १० टक्के वाढ धरूनच चालायचं.

काका सत्तरीच्या वर आहेत, म्हणजे उत्पन्न कितीही असलं तरी त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, खासगी विमा असला तरी चालतं. कार्ड आजच काढून ठेवा, ते आधारवर निघतं. पण ते फक्त अ‍ॅडमिट होण्यासाठी आहे, ओपीडी आणि रोजच्या गोळ्यांना नाही. शिवाय रुग्णालय योजनेत असावं लागतं. तुमच्या घराजवळचं, तुमच्या डॉक्टरांचं रुग्णालय त्यात आहे का, हे तिथल्या योजनेच्या मदत कक्षात जाऊन विचारा. त्या उत्तराशिवाय "आता सरकारी कार्ड आहे" म्हणून जुनी पॉलिसी सोडू नका. सत्तरीत नवी पॉलिसी घेताना जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा मोजली जाते, आणि काकू अजून सत्तरीच्या झालेल्या नाहीत.

तिसरा भाग अ‍ॅडमिट होण्याचा. कॅशलेस असलं तरी खिशातून जातंच. दाखल होताना डिपॉझिट मागतात, हातमोजे-सिरिंजसारख्या काही वस्तू विमा देत नाही, सोबत राहणाऱ्याचा खर्च वेगळा. सर्वांत मोठा खड्डा खोलीभाड्याचा. जुन्या पॉलिसीत बरेचदा "खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का" अशी अट असते. ५ लाखांवर ५,००० रोज. तुम्ही ८,००० ची खोली घेतली तर फक्त वरचे ३,०००च जातात असं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही पाच-अष्टमांशच मिळतात. असे खर्च १ लाख ६० हजार झाले तर विम्याकडून १ लाख, आणि ६० हजार तुमचे. पॉलिसीतली ही एक ओळ शोधून तिचा आकडा फ्रिजवर चिकटवा, कारण रात्री दोन वाजता खोली निवडणारा माणूस कदाचित शेजारी असेल.

यासाठी एक लाखाची ठेव वेगळी हवी, दोघांपैकी कोणालाही काढता येईल अशा संयुक्त नावावर, मोडता येईल अशी. काकूंना त्या खात्याचा पिन माहीत असणं आणि तो त्यांनी एकदा एटीएमवर वापरून पाहिलेला असणं, हे त्या ठेवीचाच भाग समजा.

सणांचा खर्च : पंचांग आणि पाकीट

सणांची रक्कम इंग्रजी महिन्यांप्रमाणे आखली की चुकते, कारण सण सरकतात. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरला गेलं. मधे अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. ज्या घरात जावई आहे त्या घरात अधिक महिना म्हणजे वेगळा खर्च. अनारसे, वाण, मुलगी-जावयाला जेवण, कपडे, चांदीची वस्तू. तो जवळपास तीन वर्षांनी येतो, म्हणून कोणाच्याच वार्षिक यादीत नसतो. काका-काकूंच्या ३४ हजारांतही तो नव्हता. अधिकासाठी ६,००० लागतात असं धरलं तर दरवर्षी २,००० बाजूला. आणि तो संपल्यावर २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला येतं, म्हणजे दोन दिवाळ्यांमधलं अंतर बारा महिन्यांहून कमी. नवं पंचांग आलं की आधी या तारखा वार्षिक खात्याच्या वहीत उतरवा.

आता दिवाळीचे १४,००० कुठे जातात ते पाहा. फराळाचं सामान ३,५००, कपडे १,५००, पणत्या-कंदील-उटणं ५००, दिवाळी अंक ५००. मावशींना एका पगाराएवढा बोनस २,८००, वॉचमन-सफाईवाले वगैरेंची दिवाळी १,२००, भाऊबीज आणि नातवंडांना ४,०००. म्हणजे निम्म्याहून जास्त, ८,००० रुपये, देण्याचे आहेत. आपण मात्र चकल्या घरी की विकतच्या यावर तासभर बोलतो.

देण्याची यादी आषाढातच करावी, नावासमोर रक्कम लिहून. मावशींच्या बोनसला कात्री लावू नये असं माझं मत आहे, तो त्यांच्या वर्षाच्या हिशेबात धरलेला असतो. कमी करायचं तर नातवंडांच्या पाकिटांत सगळ्यांना सारखी रक्कम ठरवून टाकायची. एकदा जाहीर केली की दरवर्षी ती वाढवावी लागत नाही. आहेराचंही तेच. लग्नाचे मुहूर्त आले की दोन-तीन पत्रिका येतात, आणि त्यांचा रकाना "पाडवा व इतर" मध्ये धरलेला असतो. तो संपला की पुढच्या लग्नाला आशीर्वाद आणि अक्षता.

गौरी-गणपतीत फुलं आणि भाजी आदल्या दिवशी मंडईत दुप्पट होतात, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. न खराब होणारं सगळं, म्हणजे नारळ, सुपाऱ्या, खण, कापूर, वाती, आठ-दहा दिवस आधी आणून ठेवा. फुलं आणि पत्री तेवढी शेवटी. मंडळाची वर्गणीही ठरवून ठेवा. दारात चार पोरं उभी असताना रक्कम ठरवली की ती वाढतेच.

दर एप्रिलला पुन्हा बसायचं

पहिल्या वर्षी काका-काकूंचे महिन्याच्या खात्यात २०,४०० आणि वार्षिक खात्यात ५,००० असे २५,४०० उरतात. हे आपले नव्हेत, पुढच्या वर्षीच्या महागाईचे आहेत. आरोग्याचे खर्च (सगळे मिळून १ लाख २९ हजार) १० टक्क्यांनी आणि बाकीचे ५ टक्क्यांनी वाढले तर पुढच्या वर्षी साधारण २६,८०० जास्त लागतील. शिल्लक एका वर्षात साफ. जनऔषधीचे १८,००० वाचवले तर दोन वर्षं पैसे उरतात, तिसऱ्या वर्षी थोडी तूट येते, आणि साठवलेली शिल्लक चौथं वर्ष ओलांडून देते. त्यापुढे पेन्शनवर भागत नाही.

हे आजच कागदावर दिसलेलं बरं, कारण पाच वर्षांनी पोस्टाच्या ठेवींची मुदत संपते. ज्येष्ठ नागरिक योजनेत आज ठेवलेल्या रकमेला तोच दर पाच वर्षं मिळतो, मुदत वाढवताना मात्र त्या दिवशीचा दर लागतो. तेव्हा १५ लाख जसेच्या तसे पुन्हा गुंतवायचे की दोनेक लाख बाहेर काढून पुढच्या काही वर्षांची तूट भरायची, हा निर्णय आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही हा आपल्या पिढीचा नियम, पण तूट भरण्यासाठी क्रेडिट कार्ड किंवा सोन्यावरचं कर्ज घेण्यापेक्षा मुद्दल वापरणं शहाणपणाचं. मुलगी मदत करायला तयार असेल तर तिच्याकडून महिन्याला थोडे-थोडे घेण्यापेक्षा विम्याचा हप्ता तिने थेट भरावा. रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, आणि सगळ्यांत वेगाने वाढणारा खर्च आपल्या खात्यावरून उतरतो.

एप्रिलपर्यंत थांबू नये अशा तीन खुणा. महिन्याचं खातं २५ तारखेच्या आत रिकामं होऊ लागलं. वार्षिक खात्यातून गोळ्या घेतल्या गेल्या. किंवा डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी "पुढच्या महिन्यात करू" म्हणून पुढे ढकलली गेली. तिसरी खूण आकड्यांत दिसत नाही, म्हणून तपासणीच्या तारखा वहीतच लिहायच्या.

वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक रकाना करा, दोघांपैकी एकटं राहिल्यास येणाऱ्या पैशांचा. ईपीएसमध्ये पतीच्या पश्चात पत्नीला साधारण निम्मी पेन्शन मिळते, म्हणजे ३,९०० चे १,९५०. अ‍ॅन्युइटीचं मात्र घेताना कोणता पर्याय निवडला त्यावर आहे. एकाच्याच हयातीपुरती घेतली असेल तर १६,३५० पूर्ण थांबतात. मेंटेनन्स, वीज, मावशी हे खर्च काही निम्मे होत नाहीत. अ‍ॅन्युइटीचं प्रमाणपत्र कपाटातून काढून त्यावरचा पर्याय काकूंसमोर वाचा. आणि तो एकाच्या नावाचा निघाला, तर वर सांगितलेल्या पाच वर्षांच्या मुदतीला मुद्दलातून काही काढण्याआधी काकूंच्या एकटीच्या महिन्याचा हिशेब पहिल्यांदा मांडा.